टक्का नको, लिटरमागं रुपये किती ते सांगा

सोलापूरहून विजापूर रोडनं मंद्रूप, तेरामैल करत खाली गेलं की टाकळीजवळ भीमा लागते, पूल ओलांडला की धुळखेड, म्हणजे कर्नाटक. 2024 च्या जूनपर्यंत आमच्यातली जी मंडळी इंडी-विजापूरकडं कामाला जायची त्यांचा एक ठरलेला रिवाज होता, जाताना गाडीत जेमतेम पेट्रोल ठेवायचं आणि पूल ओलांडून टाकी फुल करायची. लिटरमागं चारेक रुपयांचा फरक. मग 15 जून 2024 ला कर्नाटक सरकारनं पेट्रोलवरचा सेल्स टॅक्स 25.92 टक्क्यांवरून 29.84 टक्के केला आणि तो रिवाज एका रात्रीत संपला. क्रूड तेच, रिफायनरी तीच, टँकर तोच, नदीला पाणी पण तेवढंच. बेंगळुरूत एक कागद निघाला आणि भीमेच्या त्या काठावर पेट्रोल तीन रुपयांनी महागलं.

मला तेव्हापासून या भावाचा नाद लागला. पंपावर उभं राहून लोक जे भांडतात ना, एकजण म्हणतो केंद्र लुटतंय, दुसरा म्हणतो राज्य लुटतंय, तिसरा म्हणतो पंपवाला मापात मारतोय, त्यात तिघांचंही थोडं थोडं चुकतं. माझं म्हणणं असं आहे की टॅक्स किती आहे यापेक्षा तो कुठल्या पद्धतीनं लावलाय हे बघा. आपलं राज्य पेट्रोलवर टक्क्यात टॅक्स घेतं, वरून लिटरमागं ठराविक रक्कमही घेतं, आणि सगळी गोम तिथं आहे.

आधी एक लिटर उघडून बघू. मी मार्च 2024 चा दिल्लीचा हिशोब घेतोय, कारण तो नीट जुळतो आणि तेव्हा भाव बरेच दिवस एका जागी होते. आकडे पुढं बदलत राहतात, सांगाडा तोच राहतो. तेव्हा दिल्लीत पेट्रोल 94 रुपये 72 पैसे होतं. त्यातला तेल कंपनीचा भाव, वाहतुकीचे 20 पैसे धरून, 55 रुपये 66 पैसे. त्यावर केंद्राची एक्साइज 19 रुपये 90 पैसे. मग डीलरचं कमिशन सरासरी 3 रुपये 77 पैसे. इथपर्यंत झाले 79 रुपये 33 पैसे. आणि या सगळ्या बेरजेवर, म्हणजे एक्साइज आणि कमिशनसकट, दिल्लीचा 19.40 टक्के व्हॅट, तो झाला 15 रुपये 39 पैसे. कॅल्क्युलेटरवर मारून बघा, पैशाला पैसा जुळतो.

तो 55 रुपयांचा आकडा कुठून येतो यावर फार थांबत नाही. तेव्हा भारतीय कंपन्या घेतात त्या क्रूडचा सरासरी भाव बॅरलला 84 डॉलरच्या आसपास आणि डॉलर 83 रुपयांच्या आसपास होता, बॅरलमध्ये 159 लिटर, म्हणजे नुसतं क्रूड लिटरला 44 रुपयांच्या घरात. उरलेल्या अकरा-बारा रुपयांत रिफायनरी, कंपनीचा खर्च आणि नफा. कागदावर 16 जून 2017 पासून देशभर रोज सकाळी 6 वाजता नवा भाव लागतो. प्रत्यक्षात एप्रिल 2022 पासून मार्च 2024 पर्यंत टॅक्स कमी झाला तेव्हाच काय तो भाव हलला, बाकी काटा जागेवर, जगात क्रूड वर गेलं काय आणि खाली आलं काय. म्हणजे रोजचा भाव हे पण एक बोलायचंच काम. पण ती वेगळी कथा आहे.

आता तेच 79 रुपये 33 पैसे उचला आणि राज्याराज्यात फिरवा. वाहतूक आणि कमिशनमुळं गावोगावी थोडा फरक पडतो, तो सोडून द्या. आपल्या सोलापूरला राज्याचा टॅक्स 25 टक्के आणि वर लिटरमागं 5 रुपये 12 पैसे. 79.33 चे 25 टक्के म्हणजे 19 रुपये 83 पैसे, त्यात 5.12 मिळवा, राज्याचे झाले 24 रुपये 95 पैसे आणि पंपावरचा भाव झाला 104 रुपये 28 पैसे. पूल ओलांडून धुळखेडला जुन्या 25.92 टक्क्यांनी तेच पेट्रोल 99 रुपये 89 पैशाला पडायचं, नव्या दरानं 103 रुपये. बघा, टक्का कर्नाटकाचा जास्त होता तरी पेट्रोल स्वस्त होतं, कारण त्यांच्याकडं आपल्यासारखं लिटरमागच्या ठराविक रकमेचं वरचं शेपूट नाही. नुसता टक्का बघून कुठलं राज्य स्वस्त ते कळत नाही ते यामुळंच.

हैदराबाद रोड धरला तर अजून मजा. सोलापूरहून निघालात की नळदुर्ग, उमरगा करत कर्नाटकात हुमनाबादजवळून जाता आणि मग तेलंगणात शिरता. तेलंगणाचा व्हॅट 35.2 टक्के, म्हणजे तेच पेट्रोल 107 रुपयांच्या वर. एका रस्त्यावर, चार-पाच तासात, तीन भाव. आणि गुजरातेत गेलात तर 13.7 टक्के व्हॅट आणि त्यावर 4 टक्के सेस, म्हणजे 94 रुपयांच्या आसपास.

(फक्त स्वस्त पेट्रोलसाठी कोणी उठून धुळखेडला जात असेल तर त्याला नमस्कार. तेव्हाच्या फरकानं कारमध्ये 40 लिटर भरलं तरी वाचायचे पावणेदोनशे रुपये, आणि जाऊन येऊन सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरला जळायचं त्याच्या अडीचपट. फायदा त्यालाच ज्याची वाटच तिकडून आहे. पण ट्रकवाल्यांची वाट तिकडूनच असते आणि त्यांची टाकी तीनशे-चारशे लिटरची असते, त्यामुळं हद्दीजवळच्या आपल्या पंपांना फटका बसतो तो खरा डिझेलचा.)

वाहतुकीचं पण सांगतो, कारण लोकांना वाटतं सोलापूर मुंबईपासून लांब म्हणून इथं महाग. सोलापूरशेजारी पाकणीला तेलाचे डेपो आहेत, मुंबईहून पुण्याजवळच्या लोणीमार्गे पाकणीपर्यंत हिंदुस्तान पेट्रोलियमची पाइपलाइन आलेली आहे, पाइपानं तेल आणायला लिटरमागं फार लागत नाही. वाहतूक कुठं जाणवते तर परभणीसारख्या ठिकाणी, जिथं मनमाडच्या डेपोतून टँकर तीनशेच्या वर किलोमीटर रस्त्यानं येतात, म्हणून परभणीचं नाव वर्षानुवर्षं राज्यातल्या महाग पेट्रोलच्या यादीत वर असतं. पण तिथंही एक खुबी आहे. टँकरचं भाडं लिटरला 1 रुपया जास्त लागलं तर गिऱ्हाइकाला ते 1 रुपया 25 पैशाला पडतं, कारण भाड्यावर पण 25 टक्के. म्हणजे डेपोपासून लांब राहण्याचा पण टॅक्स.

आता मुद्द्यावर येतो. केंद्राची एक्साइज लिटरमागं ठरलेली आहे, क्रूड कितीही चढो, तेव्हा 19.90 म्हणजे 19.90 होती. ती बदलायची तर दिल्लीला नोटिफिकेशन काढावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात हेडलाइन येते. राज्याचा टक्का मात्र आपोआप चालतो. समजा कंपनीचा भाव 10 रुपयांनी वाढला, तर सोलापुरात पंपावर साडेबारा वाढतात, आणि ते वरचे अडीच रुपये राज्याच्या तिजोरीत जातात, कुठल्याही मंत्र्यानं तोंड न उघडता, विधानसभेत एक शब्द न होता. केंद्राच्या त्या 19.90 वरसुद्धा आपण राज्याला 4 रुपये 98 पैसे देत होतो. टॅक्सवर टॅक्स म्हणतात तो हाच.

याचा सगळ्यात भारी नमुना मे 2022 चा. 21 मे ला संध्याकाळी केंद्रानं जाहीर केलं की पेट्रोलवरची एक्साइज 8 रुपयांनी आणि डिझेलवरची 6 रुपयांनी कमी. दुसऱ्या दिवशी आपल्या राज्य सरकारनं जाहीर केलं की आम्हीपण पेट्रोलवरचा व्हॅट 2 रुपये 8 पैशांनी आणि डिझेलवरचा 1 रुपया 44 पैशांनी कमी करतोय. आता हे 8 पैसे आणि 44 पैसे असले विचित्र आकडे कोण ठरवतं हो? मुंबईला तेव्हा पेट्रोलवर 26 टक्के होता, 8 रुपयांचे 26 टक्के काढा, 2 रुपये 8 पैसे. डिझेलवर 24 टक्के होता, 6 रुपयांचे 24 टक्के काढा, 1 रुपया 44 पैसे. म्हणजे केंद्रानं बेरीज कमी केल्यावर टक्क्यानं जे आपोआप कमी होणारच होतं तेच नाव देऊन जाहीर केलं. टक्का होता तिथंच होता. आणि अजून एक गंमत, 8 आणि 2.08 मिळून 10 रुपये 8 पैसे कमी व्हायला पाहिजे होते, पण मुंबईत भाव 120.51 वरून 111.35 वर आला, म्हणजे 9 रुपये 16 पैसेच. मधले नव्वदेक पैसे कंपनीच्या भावात जिरले. ते जाहीर करायला कोणी पुढं आलं नाही.

खरी कपात त्याच वर्षी जुलैत झाली, सरकार बदलल्यावर, पेट्रोलवर 5 रुपये. ती कुठून केली बघा, टक्क्यातून नाही, लिटरमागच्या शेपटातून. 10 रुपये 12 पैशांचं शेपूट 5 रुपये 12 पैसे झालं.

हे शेपूट आलं कसं त्याचा पण इतिहास आहे आणि आपल्या भागाला तो लागू आहे. 2015 ला दुष्काळ पडला, सोलापूर-मराठवाड्यात टँकर लागले, तेव्हा 1 ऑक्टोबरपासून राज्यानं दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला 2 रुपये जास्त लावले. त्याला कोणाची ना नव्हती, मीपण म्हटलं असतं घ्या. पण पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि लिटरमागची रक्कम काही गेली नाही, तिचा आकडा पुढच्या काळात कमी-जास्त होत राहिला. मग 2020 चं लॉकडाऊन, क्रूड कोसळलं, गाड्या घरात, टक्क्याचं उत्पन्न आटलं, तर 1 जूनपासून राज्यानं त्यात आणखी 2 रुपये घातले, 8.12 चे 10.12 झाले. केंद्र तर त्याच्याही पुढं, मे महिन्यात एका फटक्यात पेट्रोलवर 10 रुपये. म्हणजे भाव पडला की लिटरमागचे रुपये वाढवायचे आणि भाव चढला की टक्क्याचं खायचं. छापा पडला तरी त्यांचा, काटा पडला तरी त्यांचा. उत्तर प्रदेशानं तर हे कायद्यातच लिहून टाकलंय, 19.36 टक्के किंवा लिटरला 14 रुपये 85 पैसे, यातलं जे जास्त असेल ते. निदान लपवाछपवी तरी नाही.

आता राज्याची बाजू पण सांगायला पाहिजे, नाहीतर माझा लेख एकतर्फी होईल. केंद्राच्या त्या 19.90 मध्ये बेसिक एक्साइज किती होती माहितीये? फक्त 1 रुपया 40 पैसे. बाकी सगळं स्पेशल ॲडिशनल एक्साइज, रस्ते सेस, कृषी सेस अशा नावांनी. आणि राज्यांना जो 41 टक्के वाटा मिळतो तो फक्त बेसिक मधून. 1.40 चे 41 टक्के म्हणजे 57 पैसे, आणि हे 57 पैसे सगळ्या राज्यांत मिळून. 19 रुपये 33 पैसे दिल्लीतच राहायचे. अशा वेळी राज्यानं स्वतःचा व्हॅट घट्ट धरून ठेवला तर मी त्याला एकट्याला शिव्या घालणार नाही. जीएसटी आल्यापासून राज्यांच्या हातात स्वतःच्या मर्जीनं कमी-जास्त करता येईल असं मोठं राहिलंय तरी काय, पेट्रोल-डिझेल, दारू, स्टॅम्प ड्युटी, गाड्यांचा टॅक्स. राज्याराज्यात भाव वेगळा का याचं मूळ उत्तर हे आहे. प्रत्येकाचं बजेट वेगळं, खड्डा वेगळा, आणि तो बुजवायला हाताशी असलेलं सगळ्यात सोपं फावडं म्हणजे पेट्रोल.

म्हणूनच "जीएसटीत आणा की राव" हे मला पटत नाही, म्हणजे मला आवडेल पण होणार नाही. घटनादुरुस्तीत पेट्रोल जीएसटीत घ्यायची सोय आहेच, फक्त तारीख जीएसटी कौन्सिलनं ठरवायचीय, आणि कौन्सिलमध्ये बसतात हीच राज्यं आणि हेच केंद्र. सप्टेंबर 2021 मध्ये लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि आत्ता वेळ नाही म्हणून बाजूला ठेवला. का ठेवला ते आपल्याच आकड्यावर बघा. त्या वेळचा सगळ्यात वरचा 28 टक्क्यांचा दर लावला असता, तर कंपनीचा भाव आणि कमिशन मिळून 59 रुपये 43 पैशांवर राज्याचा अर्धा हिस्सा आला असता 8 रुपये 32 पैसे. त्याऐवजी मिळत होते 24.95. तिसऱ्या हिश्श्यावर कोण सही करणार? कुठल्याही पक्षाचा अर्थमंत्री बसवा, नाही करणार.

मग माझी मागणी साधी आहे आणि तिच्यात राज्याचा एक पैसा बुडत नाही. टक्का काढून टाका, शेपूट काढून टाका, आणि सरळ एक आकडा लावा, लिटरला 25 रुपये म्हणा. तेवढेच घ्या. वाढवायचे असतील तर दर मार्चला बजेटात उभं राहून सांगा की आम्ही 25 चे 27 करतोय, विरोधक ओरडतील, पेपरात येईल, होऊ दे. यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे, की महागाईबरोबर ठराविक रकमेची किंमत घटत जाते. घटू दे की, दरवर्षी येऊन मागा ना, सरकारनं दरवर्षी मागावं म्हणून तर बजेट असतं. दुसरा आक्षेप, क्रूड पडलं की टक्क्यामुळं टॅक्स पण कमी होतो, तो फायदा जाईल. पण 2020 ला काय झालं ते वर लिहिलंच आहे, तो फायदा आपल्या हातात कधी राहू दिला? उलट ठराविक रकमेत 10 रुपये वाढले तर 10 च वाढतील, 10 कमी झाले तर 10 च कमी होतील, आणि मधला कोण खातोय ते शेंबडं पोरगं पण सांगेल. परभणीवाल्यांना भाड्यावरचा टॅक्स पण लागणार नाही.

राहिला पंपवाला. आमच्या नात्यातल्या एकाचा पंप आहे, गाव सांगत नाही. मी त्याला एकदा म्हटलं, तुला काय बे, भाव वाढला की तुझी चांदी. तो भडकला. त्याचं म्हणणं, कमिशन 2017 नंतर वाढलं ते थेट ऑक्टोबर 2024 ला, पेट्रोलला लिटरमागं 65 पैसे. तोवर साडेतीन-पावणेचार रुपयात पोरांचे पगार, लाइट बिल, बँकेचं व्याज, कार्ड मशीनचा खर्च, आणि सोलापूरच्या मे महिन्यात 43 डिग्रीला जे हवेत उडून जातं ते वेगळं, रोज सकाळी टाकीत डिप रॉड घालून तो बघतो तेव्हा पोटात गोळा येतो म्हणे. पण त्याची खरी जखम मे 2022 ची. कंपनीला पैसे आधी भरल्याशिवाय टँकर निघत नाही, आणि त्या शनिवारी त्याच्या जमिनीखालच्या टाकीत 10 हजार लिटर पेट्रोल होतं, जुन्या भावानं पूर्ण टॅक्स भरून घेतलेलं. रविवारी सकाळी 6 ला बोर्डावर लिटरमागं 9 रुपये कमी. तो साठा विकेपर्यंत 90 हजार रुपये गेले. एका टँकरात येतं 12 हजार लिटर, त्यावर कमिशन सुटायचं चाळीस-पंचेचाळीस हजार. म्हणजे लोक ज्या दिवशी पेढे वाटत होते त्या दिवशी याचं दोन टँकरांचं कमिशन मातीत. भाव वाढतो तेव्हा साठ्यावर त्याला मिळतं हे पण तो कबूल करतो, पण वाढ पैशापैशानं येते आणि कपात एका रात्रीत येते, हे त्याचं दुःख. त्याचं एकच म्हणणं, टॅक्स कमी करा की, पण रात्रीत नका करू, दोन दिवस आधी तरी सांगा. मी म्हटलं, आधी सांगितलं तर कोण माल उचलणार, सगळे पंप कोरडे पडतील. यावर तो गप्प बसला.

बिलाचा विषय निघाला तेव्हा मात्र आमचं जमलं. हॉटेलात इडली खाल्ली तरी बिलावर जीएसटी किती ते वेगळं छापून येतं. पेट्रोलच्या पावतीवर येतं दर, लिटर, रक्कम, संपलं. निम्म्याच्या जवळपास टॅक्स असलेली वस्तू आणि टॅक्सचा आकडाच नाही. मी म्हटलं, केंद्र इतके, राज्य इतके, तुझे इतके, एवढ्या तीन ओळी मशीनमधून काढता येणार नाहीत का. तो म्हणाला, मशीनला काय, सांगितलं तर उद्यापासून काढेल. फक्त टक्का असेल तर रोजचा आकडा बदलत बसणार, ठरलेले रुपये असतील तर बोर्डावर ऑइलपेंटनं रंगवून टाकतो, वर्षभर बघायला नको. मग गल्ल्यातून एक पावती काढून उलटी केली आणि पाठीमागं पेनानं लिहून दाखवलं. तिन्ही ओळींत त्याचे स्वतःचे पैसे सगळ्यात कमी होते, ते त्यानं दोनदा गिरवले.